हस्त नक्षत्र, अक्षर 'ण' आलंय. मुलीचं नाव काय ठेवू? बारसं रविवारी

शहापूरकर_वहिनी
नमस्कार. मागच्या बुधवारी आम्हाला मुलगी झाली, काल पाचवी पण झाली, आता येत्या रविवारी बारावा दिवस आणि त्याच दिवशी बारसं. आमचे गुरुजी फोनवर म्हणाले हस्त नक्षत्र, तिसरं चरण, कन्या रास, अक्षर ण. तेव्हापासून घरात सगळे गप्प झालेत, कारण ण वरून सुरू होणारं नाव कुणाला माहितीच नाही, मी तर शाळेत बाराखडी शिकताना "ण बाणातला" असंच शिकले, म्हणजे तिथं पण तो शेवटीच येतो. सासूबाईंचं म्हणणं अक्षर सोडायचं नाही, आमच्या ह्यांच्या आणि नणंदेच्या दोघांच्या वेळी अक्षराप्रमाणेच ठेवलंय. मला अक्षराचं वाकडं काही नाही पण नाव रोज हजार वेळा तोंडात येणार, ते कानाला बरं वाटायला पाहिजे. दोन किंवा तीन अक्षरी, शेवट मोकळा, आणि आमच्या वाड्यात अर्धे कन्नड बोलणारे आहेत त्यांना पण नीट म्हणता यावं एवढंच. कुणाला असं अक्षर आलं होतं का, काय केलंत?

अनगोळचा_अजय
वहिनी अभिनंदन! ण वरून भरपूर आहेत की, वीणा, रेणुका, प्रणिता, अरुणा, मृण्मयी. रेणुका तर आपल्या सौंदत्तीच्या देवीचं नाव, त्याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. माझ्या मावशीचं पण रेणुकाच.

निपाणीचा_पाटील
अजयभाऊ त्यांना ण नं *सुरू* होणारं पाहिजे, आत असून काय उपयोग. रेणुका म्हणजे रे, ते स्वातीचं अक्षर, तूळ रास झाली. वहिनी तुम्ही आधी चरण बरोबर काढलंय का बघा. सोपं आहे, नक्षत्र एक दिवस असतंय, २४ तास, त्याचे चार भाग केले की सहा सहा तासाचं एक चरण. नक्षत्र किती वाजता लागलं आणि बाळ किती वाजता झालं एवढं सांगा, आत्ता काढून देतो.

शहापूरकर_वहिनी
दवाखान्याच्या चिठ्ठीवर संध्याकाळी ६.५१ लिहिलंय. पंचांगात बघितलं तर त्या दिवशी सकाळी ७.२० ला उत्तरा संपून हस्त लागलाय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३२ पर्यंत आहे.

निपाणीचा_पाटील
मग बघा, ७.२० ते दुपारी १.२० पहिलं, १.२० ते संध्याकाळी ७.२० दुसरं. ६.५१ म्हणजे दुसरं चरण झालं की! अक्षर ष. गुरुजींचं चुकलंय.

खानापूरचे_मास्तर
पाटील, उत्तर बरोबर आलंय पण रीत बरोबर नाही, आणि इथं रीत महत्त्वाची आहे कारण वेळ अगदी काठावरची आहे. नक्षत्र २४ तासाचंच असतं असं नाही. चंद्राची गती कमी जास्त होते, कधी एक नक्षत्र २१-२२ तासात संपतं तर कधी २६ तास चालतं. म्हणून त्या दिवशी ते नक्षत्र एकूण किती वेळ होतं ते आधी काढायचं, त्याला भभोग म्हणतात, आणि जन्मापर्यंत किती गेलं ते भयात. इथं सकाळी ७.२० पासून दुसऱ्या दिवशी ६.३२ म्हणजे २३ तास १२ मिनिटं. चारानं भागलं की एक चरण ५ तास ४८ मिनिटांचं. आता मांडा. पहिलं चरण दुपारी १.०८ ला संपलं, दुसरं ६.५६ ला, तिसरं रात्री १२.४४ ला, चौथं सकाळी ६.३२ ला. बाळ ६.५१ ला झालं म्हणजे दुसरं चरण संपायला पाच मिनिटं बाकी होती. तुमच्या हिशोबानं अर्धा तास बाकी दिसतोय, त्यानं माणूस उगाच निर्धास्त होतो. वहिनी, मला एक सांगा, गुरुजींना वेळ कुणी सांगितली आणि नेमकी काय सांगितली?

शहापूरकर_वहिनी
आत्ता ह्यांना विचारलं. हे म्हणाले "मी सांगितलो संध्याकाळी सात वाजता म्हणून". म्हणजे गुरुजींचं काही चुकलं नाही, आमच्याकडूनच सात गेलं. आणि माझ्या भावानं गल्लीतल्या ग्रुपवर "मुलगी झाली" टाकलंय ते ६.५९ ला, त्यावरून ह्यांच्या डोक्यात सात बसलं असेल. सात धरलं तर तिसरं, चिठ्ठीची वेळ धरली तर दुसरं. आता मला जास्तच कळेनासं झालंय, दुसरं धरलं तरी ष आला, तो तरी कुठं सोपा आहे.

चिकोडीची_सुमन
ताई मी माझं सांगते. माझ्या मुलीचं रोहिणी पहिलं चरण, ओ आला. हौसेनं ओवी ठेवलं, मला फार आवडतं अजून पण. पण आमच्याकडं शेजारी सगळे कन्नड, त्यांच्या बोलण्यात सुरवातीच्या ओ ला व लागतोय, "वोवी, वोवी" करत्यात. शाळेत बाई पण वोवी. आता पोरगीच स्वतःला वोवी म्हणायला लागली. राग नाही ओ, प्रेमानंच म्हणत्यात, पण मी जे नाव ठेवलं ते घराबाहेर कुणी म्हणतच नाही असं झालंय. तसंच ए नं सुरू होणाऱ्याला ये लागतो. माझ्या जावेच्या एकताला सगळे येकता म्हणत्यात. म्हणून अक्षर निवडताना हे पण बघा, आपल्या भागात नाव दोन भाषांच्या तोंडातून जातंय.

शहापूरकर_वहिनी
सुमनताई हे फार कामाचं सांगितलंत, मला हेच पाहिजे होतं.

पुण्यात_बेळगावकर
वहिनी, मोकळेपणानं सांगतो, अक्षराचा एवढा ताण घेऊ नका. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही पाहिलंच नाही, आवडलं ते नाव ठेवलं. पत्रिका त्याची आहे, तीत नक्षत्र आहे, रास आहे. देवळात अभिषेकाला गोत्र, नक्षत्र, रास विचारतात तेव्हा आम्ही जे आहे ते सांगतो, नाव कुठल्या अक्षराचं आहे हे कुणी विचारत नाही. अक्षर उपयोगी पडायचं ते जेव्हा पत्रिका हरवलेली असायची आणि लग्नाच्या वेळी नावावरून नक्षत्र धरून गुण जुळवायचे तेव्हा.

खानापूरचे_मास्तर
पुणेकर, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, नावावरून नक्षत्र धरणं हे त्यासाठीच फार चालायचं. पण वहिनींच्या घरी अक्षर पाहिजे आहे, तेव्हा त्यातनंच वाट काढूया. आणि वाट आहे.

मुळात हा ण तिथं आला कसा ते बघा. चरणाची अक्षरं ज्या तक्त्यातनं काढतात त्या अवकहडा चक्रात एकेक व्यंजन पाच स्वरांनी चालवलंय, अ इ उ ए ओ. प घ्या. पा आणि पी उत्तरेच्या शेवटच्या दोन चरणांत, पू हस्ताच्या पहिल्या चरणात, पे आणि पो चित्राच्या पहिल्या दोन चरणांत. पू झाल्यावर लगेच पे यायला पाहिजे होता ना? तिथं मधे तीन सुटी अक्षरं बसवलीत, ष, ण, ठ. असं चारच नक्षत्रांत आहे. आर्द्रेत कू नंतर घ ङ छ, हस्तात पू नंतर ष ण ठ, पूर्वाषाढेत भू नंतर ध फ ढ, उत्तराभाद्रपदेत दू नंतर थ झ ञ. अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रं, चोक एकशे बारा, तेवढी अक्षरं पुरवायची होती. त्यात ङ, ञ, ण पण आले, ज्यांनी नाव सुरूच होत नाही. हे आज आपल्यालाच अडलंय असं नाही, जुन्या लोकांनाही माहीत होतं, त्यांनी नियम करून ठेवलाय की नावाच्या सुरवातीला ङ ञ ण नसतात, आले तर अनुक्रमे ग, ज, ड समजा. म्हणजे ण च्या जागी ड.

निपाणीचा_पाटील
मास्तर ड कसा चालेल? ड म्हणजे पुष्याचं शेवटचं चरण आणि आश्लेषा, कर्क रास. कन्या राशीच्या पोरीला कर्केचं नाव?

खानापूरचे_मास्तर
तुमची शंका रास्त आहे, आणि माझ्या ओळखीतले काही गुरुजी याच कारणासाठी ड देत नाहीत. काही देतात. मी दोन्ही बघितलंय. माझं मत असं की ड ला जायची गरजच नाही, त्याच नक्षत्रातलं दुसरं अक्षर घ्यावं. हस्त हे नक्की आहे, त्याबद्दल वाद नाही. चरणाबद्दल मात्र आपण पाच मिनिटांवर भांडतोय. पंचांगातली वेळ मिनिटापर्यंतच छापलेली असते. नक्षत्राचे चार सारखे भाग करतो तेव्हाही काही मिनिटांचा फरक राहू शकतो कारण चंद्र त्या २३ तासांत अगदी एकसारखा चालत नाही. आणि दवाखान्यातली वेळ म्हणजे सिस्टरनं भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलेली, ती बाळ बाहेर आल्याची की पहिल्या रडण्याची की नाळ कापल्याची ते कुणी लिहीत नाही. एवढ्या काठावर "दुसरंच" किंवा "तिसरंच" असं मी तरी छातीठोक सांगणार नाही. सकाळी अकराला जन्म असता तर सांगितलं असतं.

म्हणून पू, ष, ण, ठ ही चारही तुमचीच समजा आणि जे कानाला गोड वाटेल ते घ्या.

अनगोळचा_अजय
मास्तर एक विचारू का, बेळगावची वेळ आणि पंचांगातली वेळ यात फरक पडत नाही का? पंचांग सोलापूरचं किंवा मुंबईचं असतंय.

खानापूरचे_मास्तर
सूर्योदय आणि पत्रिकेतलं जन्मलग्न गावाप्रमाणं बदलतं. नक्षत्र कधी लागलं कधी संपलं हे चंद्र आकाशात कुठं आहे त्यावर आहे, ते भारतीय प्रमाणवेळेत छापलेलं असलं की मुंबईला आणि बेळगावला तेच. पण पंचांग कुठल्या गणिताचं आहे त्यानं फरक पडतो. महाराष्ट्रातली नेहमीची पंचांगं दृक्‌गणिताची असतात. आपल्या इकडं काही मठांची पंचांगं अजून सूर्यसिद्धांतावर चालतात, त्यात वेळा काही तासांनी पुढंमागं होतात. शेजारच्या घरी कन्नड पंचांग असेल तर बघा, कदाचित चरण वेगळंच येईल. म्हणून घरात जे पंचांग पिढ्यानपिढ्या चालतं तेच धरायचं, दोन पंचांगं समोर ठेवून अक्षर शोधायचं नाही.

शहापूरकर_वहिनी
मास्तर, तुम्ही म्हणालात ते खरंच झालं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कन्नड पंचांगात हस्त दुपारी लागलाय, त्या हिशोबानं आमची पहिल्याच चरणात येते, म्हणजे पू. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या आपलं आपण बघायचं, लोकांचं नाही. पण तुम्ही चारही अक्षरं आपलीच म्हणालात ते मात्र त्यांना पटलं, कारण नक्षत्र सुटत नाही.

आता नावं शोधायलोय. ह्यांना षड्जा फार आवडलंय, हे हार्मोनियम वाजवतात ना, सा म्हणजे षड्ज, पहिला स्वर, पहिली मुलगी. ऐकायला अर्थ फार सुंदर आहे. पण मला ड आणि ज जोडून आलेत ते जड वाटतं. आज दुपारी मी चौघांना म्हणायला लावलं. आज्जेसासूबाईंना खालचे दात नाहीत, त्या "शडजा" म्हणाल्या, वरच्या काकू "षड्ज" म्हणून थांबल्या, नणंदेचा तीन वर्षांचा चिंटू "सज्जा" म्हणाला. आणि सज्जा म्हणजे आमच्या गॅलरीवरचा पत्रा.

पू वरून यादी केली तर पूजा, पूनम, पूर्वा, पूर्वी, पुष्पा. पूजा आमच्या गल्लीत चार आहेत. आणि एक भीती सांगते, पू ची नावं लाडानं नुसतं "पू" होतात आणि पू म्हणजे जखमेतला, ते मला नको वाटतं.

चिकोडीची_सुमन
पुनीता चालेल का? पण ते ह्रस्व पु झालं, अक्षर तर दीर्घ पू आहे.

खानापूरचे_मास्तर
चालेल. चक्रात ह्रस्व दीर्घ वेगळं धरलेलं नाही, पाचच स्वर आहेत, पु पण त्यात पू पण त्यातच. तसंच जोडाक्षर आलं तर पहिलं व्यंजन बघायचं, म्हणजे प्राची, प्राजक्ता हे पा त जातात, उत्तरेचं तिसरं चरण. रास कन्याच राहते पण नक्षत्र हस्त राहत नाही. पौर्णिमा हे पो त, चित्रा, तेही कन्येतच. कुणी फक्त रास धरत असेल तर तेवढी मोकळीक मिळते, पल्लवी, पावनी, पीहू सगळं येतं. वहिनींच्या सासूबाई नक्षत्र सोडायला तयार नाहीत असं दिसतंय, म्हणून मी पू वरच थांबलो.

तुळजाक्का
बाई, मी म्हातारी बाई, मोबाईलवर नात टाईप करायली आहे, मी सांगते तसं. नाव कागदावर बघून ठरवू नकोस. उंबऱ्यात उभं राहा आणि दिवेलागणीला पोराला हाक मारतो तशी तीनदा हाक मारून बघ. आमच्या काळात नाव लांब पल्ल्याला जायचं, शेतातनं घरापर्यंत. शेवटी आ ई असलं की हाक लांबते, "पूर्वाsss" जाते. शेवट अडकला की हाक तिथंच पडते. आणि आत्याला विचार, पाळण्यात कानात कुर्रर्र तीच करणार आहे, तिच्या तोंडाला सोपं पाहिजे.

आणखी एक. आमच्याकडं चार नावं ठेवायची रीत आहे, देवाचं एक, महिन्याचं एक, नक्षत्राचं एक आणि हाक मारायचं एक. पाळण्याखाली परातीत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं बाप लिहितो. नक्षत्राचं अक्षर तिथं लिहिलं की झालं, हाकेचं तुला पाहिजे ते ठेव. माझ्या नातवाचं तसंच आहे, पत्रिकेत नावरस नाव ढुंडिराज, घरात विशाल.

निपाणीचा_पाटील
तुळजाक्का म्हणतायत ते बरोबर, आमच्यातही पत्रिकेत नावरस नाव वेगळंच असतंय, गुरुजी लिहून देतात, कुणाच्या लक्षात पण नसतंय. पण तसं केलं तर दोन नावं म्हणजे पुढं कागदपत्राला घोळ नको.

टिळकवाडी_कारकून
कागदपत्राचं मी सांगतो, रोज हेच बघतोय. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, दवाखान्यातला जन्म असेल तर दवाखानाच कळवतो. तेव्हा बाळाचं नाव नसलं तरी चालतं. नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत फी नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. म्हणजे बारशाच्या घाईत फॉर्मवर काहीतरी लिहून टाकायची गरज नाही. पण एकदा घातलं की बदलणं फार अवघड. एकच नाव घाला, हाकेचं, पाळण्यातली बाकीची नावं पत्रिकेतच राहू दे.

आणि दाखला कन्नड आणि इंग्लिशमध्ये येतो, त्यातली कन्नड ओळ घरातले लोक वाचतच नाहीत आणि तिथंच चूक राहते. पूर्वा ला शेवटचा काना लागला नाही तर कन्नडमध्ये ते पूर्व होतंय, दिशा. मसुदा दाखवला की कन्नड येणाऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा. इंग्लिशमध्ये पू ला पी यू घालणार की पी डबल ओ तेही घरात आधीच ठरवा, एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की पुढं त्रास आहे.

अनगोळचा_अजय
सर माझ्या मुलाच्या दाखल्यात आडनाव चुकलंय, त्याला काय करायचं? दोन वर्षं झाली फिरायलोय.

टिळकवाडी_कारकून
अजय, तुमचं वेगळं आहे, नाव घालणं आणि दुरुस्ती या दोन गोष्टी. पर्सनल मेसेज करा, इथं वहिनींचा धागा भरकटेल.

पुण्यात_बेळगावकर
वहिनी, मला एक सुचलंय. पूर्णा. पू वरून आहे, म्हणजे हस्त. आणि गुरुजींनी दिलेला ण पण त्यात आहे. दोन अक्षरी, शेवट आ.

चिकोडीची_सुमन
अय्या किती छान! आणि कन्नडमध्ये पण पूर्ण हा शब्द आहेच, त्यांना नवीन वाटणार नाही. ण तर ते आपल्यापेक्षा ठसठशीत म्हणतात.

निपाणीचा_पाटील
चांगलं आहे पण आमच्याकडं खेड्यात पूर्ना म्हणतील, ण चा न होतोय. आणि शाळेत पुरणपोळी म्हणून चिडवतील हे पण धरून चाला.

खानापूरचे_मास्तर
मलाही आवडलं. फक्त आत ण आहे म्हणून तिसऱ्या चरणाचं झालं असं कुणी म्हणू नका, नावाचं नक्षत्र पहिल्या अक्षरावरच ठरतं. ते पहिल्या चरणाचं अक्षर आहे आणि हस्ताचं आहे, एवढंच खरं. ण मिळाला तो मनाचा आनंद.

शहापूरकर_वहिनी
काल रात्री तुळजाक्कांनी सांगितलं तसं केलं. मी दारात, हे जिन्याखाली. "पूर्णाsss" म्हटलं तर जिन्यातून वर काकूंच्या घरापर्यंत गेलं, काकूंनी वरून विचारलं पण "कोणाला बोलवायलीस?" षड्जा म्हणून बघितलं तर हाक पहिल्या अक्षरालाच अडखळते, ह्यांनी स्वतःच तीनदा करून बघितलं आणि मग म्हणाले ते पत्रिकेत राहू दे. आज्जेसासूबाईंनी पूर्णा स्पष्ट म्हटलं. चिंटू "पुन्ना" म्हणतो, ते मला चालेल, नुसतं पू होण्यापेक्षा पुन्ना बरं.

नणंद विजापूरहून शनिवारी येणार आहे, तिला फोनवर ऐकवलं, ती म्हणाली कुर्रर्र केल्यावर पू म्हणायला ओठ पुढं येतात, बाळाच्या कानाला फुंकर बसल्यासारखं होतंय.

गुरुजींना आज परत फोन केला, चिठ्ठीची ६.५१ सांगितली. ते म्हणाले मग दुसरं चरण लिहितो, पण पाच मिनिटांचाच फरक आहे तर घड्याळ तपासून घ्या. भाऊ दवाखान्यात जाऊन त्या खोलीतलं घड्याळ मोबाईलशी लावून बघून आला, ते चार मिनिटं पुढं आहे. म्हणजे चिठ्ठीवर ६.५१ असेल तर खरी वेळ ६.४७ होते. पण ते घड्याळ त्या दिवशी पण चारच मिनिटं पुढं होतं का ते कोण सांगणार.

खानापूरचे_मास्तर
भावानं चांगलं काम केलं. तरी ६.४७ असेल तर दुसऱ्या चरणाच्या बाजूला थोडं जास्त झुकतं, नऊ मिनिटं बाकी. पत्रिकेत दुसरं लिहू द्या आणि समासात दोन्ही वेळा टिपून ठेवा, चिठ्ठीची आणि दुरुस्त केलेली. पुढं कुणी पत्रिका बघितली तर त्याला जन्मलग्न काढतानाही उपयोग होईल.

तुळजाक्का
पूर्णा चांगलं. घुगऱ्या जास्त कर, लोक येतील.

शहापूरकर_वहिनी
बारसं झालं. परातीत तांदळावर ह्यांनी चार नावं लिहिली, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं षड्जा आणि व्यवहाराचं पूर्णा. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, नणंदेनं कानात कुर्रर्र केलं आणि पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले. काकूंनी कन्नडमध्ये पाळणा म्हटला. पूर्णा सगळ्यांना म्हणता आलं.

फक्त सासूबाई कालपासून तिला ठकू म्हणायल्यात. मी म्हटलं आई हे काय, तर म्हणाल्या ठ पण हस्ताचंच ना, मास्तरच म्हणाले की चारही अक्षरं आपली.

खानापूरचे_मास्तर
चौथं चरण. बरोबर आहे त्यांचं.